लिंकवरचे पाहुण्यांचे फोटो : एका प्रतिक्रियेला उत्तर

"तुमचा मेसेज वाचला. लग्न आमच्या मुलीचं, पैसे आम्ही मोजले, आणि कोण्या पाहुण्याने सांगितलं म्हणून तुम्ही फोटो उडवणार? तेही कारण न विचारता? ज्याला फोटो नको त्याने लग्नाला येऊ नये. उद्या दहा जणांनी असंच कळवलं तर अल्बममध्ये उरणार कोण, भटजी?"

नमस्कार काका,

मी लग्नाचे फोटो काढतो, आणि पाहुण्याने कळवलं तर त्याचा फोटो खुल्या लिंकवरून उतरवतो, एवढंच माझ्या मेसेजमध्ये होतं. भटजींनी कळवलं तर त्यांनाही हाच नियम. पण 'उडवणार' असं नाही. तुमच्या घरी दिलेल्या हार्डडिस्कला मी हात लावत नाही, छापील अल्बमचं पानही बदलत नाही. फोटो उतरतो तो फक्त कोणालाही उघडता येणाऱ्या लिंकवरून.

पैशांचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी काढून घेणाऱ्याची. पण लिंक खुली ठेवायची परवानगी माझ्याकडे आहे ती वधू-वरांच्या सहीची. पाहुण्यांनी आहेराच्या पाकिटासोबत संमतिपत्र दिलेलं नसतं. शिवाय वैयक्तिक माहितीबाबतच्या 2023 च्या कायद्यात घरगुती वापराला सूट आहे. ती तुमच्या उपयोगाची. माझा तर हा धंदाच आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते एका लग्नावरून सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). सिंहगड रोडवरचं कार्यालय. वधूच्या आईच्या मैत्रिणीचा मेल आला, सोबत तिला लिंकवर दिसलेल्या तीन फोटोंचे नंबर. तेवढे तीन उतरवून मोकळं होता आलं असतं, पण मग चौथा सापडला की पुन्हा मेल. म्हणून तिचा सेल्फी मागवून चेहऱ्यावरून शोध घेतला, तर सात निघाले. हा शोध समोरून दिसणारा चेहरा बरा ओळखतो. मान खाली असली किंवा चेहरा अर्धा झाकला गेला की चुकतो. मग तिची मोरपंखी पैठणी लक्षात ठेवून, सापडलेल्या प्रत्येक फोटोच्या आगेमागेचे फोटो दोन्ही कॅमेऱ्यांतून डोळ्यांनी तपासले. आणखी चार मिळाले. अक्षता टाकताना खाली वाकलेली, पंगतीत बाजूने, हार घालताना गर्दीत अर्धी, आणि वधूच्या खोलीतल्या आरशात.

या अकरांपैकी सहांत ती एकटी किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर होती. ते सरळ उतरवले. तीनांत ती मागे होती. दोन कडेने कापले. तिसरा कापला असता तर मामाच अर्धे झाले असते, म्हणून तिथे चेहरा धूसर केला. राहिलेले दोन स्टेजवरचे ग्रुप फोटो, आणि ती बरोबर मधोमध. तिथून माणूस पुसून टाकला की साड्यांची भलतीच भेसळ होते, ते मी करत नाही. हे दोन घरच्यांच्या पासवर्डवाल्या फोल्डरमध्ये हलवले. यजमानांचं नुकसान काय झालं, तर खुल्या लिंकवर आठ फोटो कमी.

एवढ्याने काम संपत नाही. आधी बनवून ठेवलेल्या झिप फाइलमध्ये जुने फोटो तसेच राहतात, ती नव्याने बनवावी लागते. अल्बममधून फोटो गेला तरी त्याचा थेट पत्ता काही काळ उघडत राहू शकतो. म्हणून तो पत्ता दुसऱ्या फोनवर, लॉगिन न करता, टाकून बघतो. गूगलच्या शोधात दिसत असेल तर त्यांच्या Refresh Outdated Content पानावर अर्ज करतो. आणि जे कोणी आधीच डाउनलोड करून व्हॉट्सॅपवर फिरवलंय, ते माझ्या हातात नाही. हे मी मागणाऱ्याला पहिल्याच उत्तरात सांगतो.

कारण मी खरंच विचारत नाही. कोणी आजारपणाची रजा टाकून लग्नाला आलेलं असतं. कोणाची नवऱ्याशी कोर्टात केस चालू असते आणि आपण कधी, कुठे, कोणाबरोबर होतो ते त्याला कळायला नको असतं. पहिल्याला नाही म्हणायचं आणि दुसरीला हो, हा निवाडा करणारा मी कोण? पण मागणारी व्यक्ती फोटोतलीच आहे ना, हे मात्र कसून बघतो. कारण 'आमच्या जाऊबाईंचे सगळे फोटो उतरवा' असेही मेल येतात! म्हणून नियम एवढाच : स्वतःचा चेहरा किंवा स्वतःचं लहान मूल. ताजा सेल्फी जुळवतो, काम झालं की तोही पुसतो.

दहा जणांचं म्हणाल, तर असे मेल मुख्यतः खुल्या लिंकमुळेच येतात. तुमच्या मुलीच्या लिंकला पासवर्ड लावायचा असेल तर तिला किंवा जावईबापूंना मला मेल करायला सांगा, करारावर सही त्यांची आहे. पासवर्ड मात्र दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकू नका, ज्याला हवा त्याला वेगळा पाठवा.