मनगट शिल्लक नाही

साडीच्या दुकानात माणसाला काहीच कळत नसलं तरी निदान रंग दिसतो. सुगंधाच्या दुकानात तेवढाही आधार नाही. छतापर्यंत बाटल्या, आत फिकट पिवळं पाणी, आणि सगळं वेगळेपण झाकणात. त्यात काउंटरवरची मुलगी अदबीने विचारते, "सर, फ्रेश बघणार, वुडी की स्पायसी?" आयुष्यभर उन्हाळ्यात टाल्कम पावडर आणि दिवाळीला कानात अत्तराचा फाया, एवढ्यावर भागवलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यावं? मी म्हणालो, "चांगला वास येणारं."

सोबत भाची होती. रसायनशास्त्र शिकते, त्यामुळे मामाच्या अज्ञानाची तिला व्यावसायिक कीव येते. "मामा, असं सांगायचं नसतं," ती म्हणाली. "तुला घरात काय आवडतं ते सांग." मी आठवून सांगितलं: संत्र्याचं साल सोलताना उडतो तो वास, आणि माठातला वाळा. "आणि काय सहन होत नाही?" केकचा वास. म्हणजे केक आवडतो, पण तो अंगाला नको. एवढ्यावर भाचीने भिंतीचा मोठा भाग रद्द केला. व्हॅनिला, कॅरॅमल, चॉकलेट असलं गोड सगळं बाद. गोड गुलाबजाई बाद. नवख्याला बाटली निवडता येत नाही, पण नकार देता येतो. त्यात आपली लग्नं जमवण्याची परंपरा आहे.

तरी ती मुलगी एक वेगळं दाखवायचं म्हणाली आणि कागदाच्या पट्टीवर फवारून दिलं. हुंगलं, आणि मी थेट लहानपणच्या सलूनच्या खुर्चीत. लव्हेंडर, ओलसर शेवाळ, दाढीचा साबण. हा 'फुजेर' म्हणून ओळखला जाणारा घाट आहे. 1882 मध्ये फ्रान्सच्या 'ऊबिगां' या अत्तराच्या घराण्याने 'फुजेर रॉयाल' काढलं, त्यात कृत्रिमरीत्या बनवलेलं कुमारिन हे सुवासिक द्रव्य घातलं, आणि पुढे जगभर दाढीच्या सामानाला तसलाच वास येऊ लागला. मला तो आवडला, पण अंगाला लावला की सारखं वाटणार, मानेवर वस्तरा आहे.

आता पट्ट्यांचं शास्त्र. फवारल्या फवारल्या हुंगायचं नाही, नाकात आधी अल्कोहोलच जातं. पट्टी अर्धा मिनिट हवेत हलवायची. तिच्यावर नाव लिहायचं, कारण तीन पट्ट्या खिशात गेल्या की नंतर पोलीसही ओळखू शकणार नाहीत. आणि चार झाल्या की थांबायचं. पाचवीपासून नाक संपावर जातं, सगळंच 'छान, जरा साबणासारखं' वाटू लागतं. अशा वेळी दुकानात कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात. मी भक्तिभावाने हुंगली. भाची म्हणाली, "मामा, कॉफीने नाक ताजं होत नाही. 2011 मध्ये ते तपासून झालंय, कॉफी आणि साधी हवा सारखीच. तू बाहेर जाऊन उभा राहा, नाहीतर आपल्याच बाहीत नाक खुपस." मॉलमध्ये बाहीत नाक खुपसून उभा असलेला गृहस्थ बघून सिक्युरिटीवाला जवळ आला, आणि मग मी साध्या हवेकडे गेलो.

शेवटी उरल्या दोन पट्ट्या. एक संत्र-लिंबाची, एक वाळ्याची. पहिली हुंगताच माझा निर्णय झाला. काय ताजेपणा! जणू कोणी डोळ्यांसमोर संत्रं सोललं. मी पाकिटाला हात घातला. भाचीने तो अडवला. "हात पुढे कर. पाकिटाचा नव्हे, दुसरा."

डाव्या मनगटावर संत्रं, उजव्यावर वाळा, प्रत्येकी एक फवारा. मी सवयीने मनगटं एकमेकांवर घासणार, तेवढ्यात ती ओरडली, कारण घासलं की दोन्हींची खिचडी होते. तिसरी बाटली घ्यायला गेलो तर म्हणाली, "मनगट शिल्लक नाही." कोपराचं सुचवून पाहिलं. नाही म्हणाली.

मग दुकानातून काही न घेता बाहेर. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आखडलं, पण हे बाहेर पडणंच सगळ्यात मोलाचं होतं. एक म्हणजे दुकानात एसी असतो आणि आपण पुण्याच्या उन्हात राहतो. दुसरं म्हणजे लिंबू-संत्र्याचे रेणू हलके, ते आधी उडतात. दुकानात आपण भाळतो ते पहिल्या दहा-पंधरा मिनिटांवर, आणि दिवसभर सोबत राहतं ते मागे उरलेलं. लाकूड, राळ, कस्तुरीसारखे वास जड, ते सावकाश सुटतात. पहिल्या भेटीत ते हसतही नाहीत.

तसंच झालं. अर्ध्या तासात डाव्या हातावरचं संत्रं गायब झालं आणि खाली सापडला हॉटेलातल्या शांपूचा वास. वाईट नव्हता, पण त्यासाठी हजारो रुपये कशाला? उजवा हात सुरुवातीला ओली माती आणि पेन्सिलीचा भुसा होता, मी तो जरा लांबच धरला होता. मिसळ खायची इच्छा झाली तर भाचीने बंदी केली, म्हणे पुरावा नष्ट होईल. कोकम सरबतावर दोन तास काढले. तोवर उजव्या मनगटावर भुसा विरून थंड, किंचित धुरकट, गोडसर असं काही जमलं होतं. मी पुन:पुन्हा हुंगत होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खुर्ची जरा सरकवली.

घरी बायकोपुढे दोन्ही हात धरले. हे आवश्यक आहे, कारण आपलं नाक सतत येणाऱ्या वासाला थोड्या वेळात विसरतं. काही कस्तुरीचे वास तर काहींच्या नाकाला येतच नाहीत. म्हणून 'उडून गेलं' समजून माणूस आणखी फवारतो आणि लिफ्टमधली मंडळी जिन्याने जातात. बायकोने डावा हात हुंगून "साबण संपलाय का?" म्हटलं. उजव्यावर थांबली आणि म्हणाली, "हे चालेल. पण आईंचा माठ आठवतो."

परत गेलो तेव्हा मुलीने वाळ्याची शंभर मिलीची बाटली काढली. "सर, तीस घेण्यापेक्षा हीच परवडते." हिशेब भाचीने तिथेच मांडला. एका फवाऱ्यात साधारण एक दशांश मिली. दोन फवारे रोज, म्हणजे तीस मिली पाच महिने चालते. शंभरची सव्वा वर्षाच्या वर जाईल, आणि तोवर मामाची आवड टिकेल का? तीसचीच घेतली. बाथरूममध्ये ठेवायची नाही, उष्णतेने आणि उजेडाने बिघडते, असंही बजावलं. मग कपाटात ठेवली. बायको म्हणते, रोज दोन फवारे ती मारते आणि दोन मी, त्यामुळे तो हिशेब अडीच महिन्यांचा झाला आहे.