पोर्ट अर्धा गेलाय की हब उपाशी आहे? परभणीच्या प्रतिक्रियेला उत्तर

«पोर्ट खराब म्हणण्याआधी हब काढून बघा, एवढं लिहून तुम्ही मोकळे झालात. माझ्या पीएस-फोरला वर्षभर हाच चार तोंडांचा हब आहे, काही त्रास नव्हता. त्यावर सिनेमांची हार्डडिस्क, हेडसेटचा रिसीव्हर आणि कंट्रोलरची चार्जिंग. दिवाळीत पोरासाठी दुसरा कंट्रोलर घेतला. आता डिस्क मध्येच गायब होते, कंट्रोलर चार्ज होत नाहीत, पण पेनड्राइव्ह लगेच दिसतो. म्हणजे पोर्ट अर्धा गेलाच ना? इथला दुरुस्तीवाला बोर्ड बदला म्हणतो. नुसती थिअरी नको.»

दादा, तुमच्याच मजकुरात उत्तराचा मोठा भाग आहे: दिवाळी आणि दुसरा कंट्रोलर. हब वर्षभर चालला यावरून एवढंच कळतं, की वर्षभर त्याच्यावर जेवढा भार होता तेवढा तो ओढू शकत होता.

तुमच्या कन्सोलवरचा पोर्ट यूएसबी ३ चा आहे. त्याच्या मानकात एका उपकरणाला ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअरपर्यंत देण्याची सोय आहे. यूएसबी २ मध्ये हाच आकडा ५०० आहे. बाजारातले बरेचसे स्वस्त हब यूएसबी २ चे असतात आणि त्यांना स्वतःचा अडॅप्टर नसतो. अशा हबसाठी मानकातला हिशोब असा: ५०० पैकी १०० हबला स्वतःला आणि उरलेले चार तोंडांना प्रत्येकी १००. प्रत्यक्षात पोर्ट यापेक्षा जास्त करंट सोडतो, म्हणून तुमचं वर्षभर भागलं.

आता मागणी बघा. तुमच्या कंट्रोलरच्या मागच्या लेबलवर ५ व्होल्ट, ८०० मिलिअँपिअर लिहिलेलं आहे. बॅटरी उतरलेली असेल तर तो त्याच्या जवळपास मागू शकतो. अडीच इंची डिस्क सुरू होताना, म्हणजे आतली तबकडी फिरू लागण्याच्या क्षणी, बहुधा ९०० ते १००० च्या घरात ओढते आणि मग खाली येते. एक कंट्रोलर अर्धा चार्ज आणि डिस्क आधीच फिरतेय, तर जमतं. दोन उतरलेले कंट्रोलर आणि डिस्क एकाच तोंडातून खाऊ लागले, तर हबच्या बारीक वायरीतच व्होल्टेज पडतं. वायर आणि सांधे मिळून अर्धा ओहम रोध धरला आणि एक अँपिअर वाहिला, तर अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. पाचचे साडेचार झाले.

पेनड्राइव्ह चालतो याचं कोडं इथेच सुटतं. उन्हाळ्यात डीपीवर सगळ्यांनी मोटारी टाकल्या, की घरातला बल्ब लागतो पण मोटार नुसती गुणगुणते, उचलत नाही. तसंच हे आहे. पेनड्राइव्ह हा बल्ब आहे. त्याला थोडा करंट पुरतो, म्हणून तो चालला यावरून पोर्ट पूर्ण ताकदीचा आहे हेही ठरत नाही आणि अर्धा गेला हेही ठरत नाही. डिस्कचा आवाज मात्र खूप सांगतो. कानाजवळ धरा. सुरू होऊन थांबते, परत सुरू होते, मध्ये टकटक येते, असं असेल तर आधी उपासमारीचा संशय घ्या. तीच डिस्क सरळ लॅपटॉपला लावूनही टकटक करत असेल, तर दोष डिस्कमध्ये आहे आणि मग कन्सोलला हात लावू नका.

आता तपासणी, याच क्रमाने करा. कन्सोल रेस्ट मोडमध्ये नको, पूर्ण बंद करा, मग भिंतीतली वायर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. जास्त करंट ओढला गेला की पोर्टची संरक्षणयंत्रणा पुरवठा तोडते, आणि काही प्रकारची यंत्रणा वीज पूर्ण गेल्याशिवाय परत जोडली जात नाही. बऱ्याच वेळा ‘मेलेला’ पोर्ट इथेच उठतो. तोवर टॉर्च मारून पोर्टात बघा. मधली प्लास्टिकची जीभ सरळ आहे का, पट्ट्या वाकल्यात का, कापसासारखी धूळ बसलीय का. धूळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढा, टाचणी घालू नका.

मग हब बाजूला ठेवून एकच कंट्रोलर सरळ पोर्टात लावा. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात; तिने कंट्रोलर चार्ज होतो, पण कन्सोलला दिसत नाही, आणि माणूस पोर्टला शिव्या देत बसतो. पॉवरचं बटण साधारण सात सेकंद, दुसरा बीप येईपर्यंत, दाबून सेफ मोडमध्ये जा. तिथे कंट्रोलर वायरनेच जोडावा लागतो, म्हणून ही चाचणी पक्की आहे. पीएस बटण दाबल्यावर मेनू हलला, तर त्या पोर्टच्या डेटाच्या तारा आणि पुरवठा दोन्ही ठीक आहेत. काहीही निवडू नका, फक्त Restart PS4 ने बाहेर या. दुसऱ्या पोर्टवर हेच करा.

त्यानंतर डिस्क एकटी, सरळ. चालली तर हबचा गुन्हा सिद्ध.

शंका राहिलीच, तर यूएसबी मीटर मिळतो, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतोच. तो पोर्टात लावून त्याच्यापुढे कंट्रोलर लावा आणि भार असताना आकडा वाचा. रिकाम्या पोर्टावरचा पाच व्होल्ट काही सांगत नाही. भाराखाली ४.७५ च्या वर असेल तर उत्तम. सरळ पोर्टवर ठीक आणि हबच्या तोंडाशी ४.४ च्या खाली असेल, तर फरक तुमच्या डोळ्यांसमोर आहे. वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडल्यावरही सरळ पोर्टवर शून्य येत असेल, तर तुमच्या दुरुस्तीवाल्याचं बरोबर आहे, पण तरीही पूर्ण बोर्ड बदलायची बात नंतर. जीभ तुटली असेल तर कनेक्टर बदलता येतो, पुरवठ्याच्या वाटेवरचं संरक्षण जळलं असेल तर तो भाग. त्याला आधी हेच दोन तपासायला सांगा.

रात्री चार्जिंगला लावून सकाळी कंट्रोलर उतरलेलाच असेल, तर हार्डवेअरआधी सेटिंग बघा: Settings, Power Save Settings, Set Features Available in Rest Mode, तिथे Supply Power to USB Ports. ते Off असेल तर कन्सोल झोपल्यावर पोर्ट काहीच देत नाही; 3 Hours असेल तर तीन तासांनी बंद होतो.

तुमच्या घरी मी काय केलं असतं? दोन्ही कंट्रोलर साध्या ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर टाकले असते आणि हबवर रिसीव्हर व पेनड्राइव्ह एवढंच ठेवलं असतं. डिस्क दुसऱ्या पोर्टात सरळ. यात एक रुपयाही खर्च नाही. अडॅप्टरवाला हब घ्यायचाच असेल, तर अडॅप्टर किमान ५ व्होल्ट २ अँपिअरचा बघा. काही स्वस्त हब अडॅप्टरची वीज उलटी कन्सोलकडे ढकलतात. कन्सोल बंद आणि भिंतीतूनही काढलेला असताना त्याचा दिवा मिणमिणत असेल, तर तो हब परत करा. आणि परभणीत लाइट जाते म्हणून एक: कन्सोल इन्व्हर्टरवर आणि हबचा अडॅप्टर साध्या प्लगवर, असं करू नका. लाइट गेली की हब पडतो, कन्सोल चालू राहतो आणि चालू असलेली डिस्क मध्येच तुटते. दोन्ही एकाच लाइनवर ठेवा.

आता डिस्क एकटी लावून बघा आणि सेफ मोडमध्ये कोणत्या पोर्टवर कंट्रोलर चालला ते इथेच लिहा. दोन्हीवर चालला तर बोर्डाचे पैसे देऊ नका.