माहिती अधिकाराच्या उत्तरातला प्रत्येक ‘नाही’ सारखा नसतो

माहिती अधिकाराचं उत्तर आलं की आपल्याकडे लोक एकतर चिडतात, नाहीतर कागद घडी घालून कपाटात ठेवतात. दोन्हीमुळे अपिलाची मुदत निघून जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाला आणखी एक अडचण असते. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत करावा लागतो आणि उत्तर बहुतेक वेळा कन्नडातच येतं. मग झेरॉक्सच्या दुकानात कुणीतरी ते हिंबरह, म्हणजे कचेरीचं लेखी उत्तर, वरवर चाळतो, ‘काही दिलेलं नाही म्हणे’ असं सांगतो आणि विषय तिथंच संपतो. असं एका वाक्यात उत्तर घेऊ नका. कन्नड नीट वाचणाऱ्याला शेजारी बसवा आणि मूळ अर्जातल्या एकेका मुद्द्यापुढे काय लिहिलंय ते मराठीत लिहून घ्या.

खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं पत्र परवा वाचायला आलं होतं, त्यावरूनच सांगतो. ग्रामपंचायतीनं केलेल्या सिमेंट रस्त्याबद्दल पाच गोष्टी मागितल्या होत्या: अंदाजपत्रक व कार्यादेश, एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तकाची पानं, ठेकेदाराला दिलेली बिलं, गावकऱ्यांच्या तक्रारीवर झालेल्या चौकशीचा अहवाल, आणि ‘रस्ता एवढ्या लवकर का उखडला’. अर्जदार म्हणाले, ‘काका, पाचातलं एकच दिलंय, चार नाकारलीत, चारही गोष्टींवर अपील ठोकतो.’

मी म्हटलं, जरा थांबा.

पहिल्या मुद्द्यापुढे ‘माहिती दिली आहे, पाने १४’ असं होतं. मोजली तर अकराच भरली. अंदाजपत्रकाचा शेवटचा गोषवारा, ज्यावर एकूण रक्कम असते, तोच नव्हता. ही अपुरी माहिती झाली. जे ‘दिलं’ म्हणून लिहिलंय ते कुणी मोजत नाही आणि बऱ्याचदा नेमकं कामाचं पान तिथंच गळतं. जोडलेल्या पानांवर क्रमांक आणि ‘सत्यप्रत’ शिक्का आहे का, तेही बघून घ्यावं.

एम.बी.पुढे ‘या कार्यालयात उपलब्ध नाही, अभियांत्रिकी विभागाकडे आहे’ असं होतं. लोक याला नकार समजतात. पण हा कायद्यातला नकार नाही, कारण माहिती न देण्याची सूट देणारं एकही कलम त्यात नाही. माहिती दुसऱ्या सार्वजनिक प्राधिकरणाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत तिकडे पाठवून अर्जदाराला कळवायचं असतं. ‘तिकडे जा’ एवढं सांगून चालत नाही. अपिलात मागणी सरळ ठेवायची: अर्ज वर्ग केल्याचं पत्र दाखवा, नाहीतर पानं मागवून द्या.

खरा नकार पुढच्या दोन मुद्द्यांवर होता. बिलांपुढे ‘कलम ८(१)(जे), वैयक्तिक माहिती’. इथं जुनी पुस्तकं बघून अपील लिहू नका. या उपकलमात पूर्वी ‘सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली’ वगैरे अटी होत्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि त्या अटी गेल्या. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण उरलंय. मला ही दुरुस्ती पटत नाही, कारण पैशाच्या कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. पण दोन दारं अजून उघडी आहेत. कलम ८(२) म्हणतं की जपायच्या हितापेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि कलम १० म्हणतं की कागदाचा सूट असलेला भाग वगळून बाकीचा द्या. म्हणून अपिलात ठेकेदाराचा खाते क्रमांक, पॅन, फोन मागायचाच नाही, उलट ‘ते झाकून द्या’ असं आपणच लिहायचं. बिलाची रक्कम, तारीख, कामाचं परिमाण, कापलेली अनामत हा पंचायतीच्या पैशाचा हिशेब आहे. तो कुणाच्या घरचा नव्हे.

चौकशी अहवालापुढे ‘कलम ८(१)(एच), चौकशी चालू आहे’. हे कलम इतकं सर्रास वापरतात की काही कचेऱ्यांनी त्याचा शिक्काच करून ठेवलाय की काय असं वाटतं. पण माहिती दिल्यानं तपासात किंवा खटल्यात अडथळा येत असेल तरच ही सूट मिळते. चौकशी नुसती चालू आहे एवढं कारण पुरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २००७ मध्ये भगत सिंग यांच्या प्रकरणात तेच सांगितलं. अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्यानं पटवून द्यायचं असतं. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नं त्याच्यावर टाकलीय, आपल्यावर नाही. हे वाक्य अपिलात जरूर घाला. चौकशी कोण करतंय, कधी सुरू झाली, अहवाल सादर झालाय का, हेही विचारा. अहवाल सादर झाला असेल तर हे कारण फारसं टिकत नाही.

राहिला पाचवा मुद्दा, ‘रस्ता का उखडला’. उत्तर होतं, ‘हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत येत नाही.’ इथं माहिती अधिकारी बरोबर आहे. कायद्यानं मिळते ती कचेरीत असलेली नोंद. अधिकाऱ्याकडून मत किंवा खुलासा काढून घेता येत नाही. हा मुद्दा अपिलातून काढून टाकायला सांगितलं. अर्जदार नाराज झाले, पण कमकुवत मुद्दा ठेवला की सुनावणीत त्यावरच चर्चा होते आणि बिलं बाजूला राहतात. हवंच असेल तर काँक्रीटच्या गुणवत्ता चाचणीचा अहवाल नव्या अर्जात मागा. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय ठेवायचा असतो आणि तो साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो.

आता मुदत. पत्रावर तारीख ३ जून होती, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का ११ जूनचा, आणि पत्र हातात पडलं १३ जूनला. तीस दिवस मिळाल्यापासून मोजायचे, म्हणजे १३ जुलैपर्यंत. म्हणून पाकीट फेकू नका. पहिलं अपील त्याच यंत्रणेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी हाच माहिती अधिकारी असेल तर बहुधा तालुका पंचायतीचे कार्यनिर्वाहक अधिकारी. अंदाजानं मात्र पाठवू नका. नकार देताना कारण, अपिलाची मुदत आणि कुणाकडे अपील करायचं हे तिन्ही पत्रातच लिहायला लागतं, कलम ७(८) तसं सांगतं. आमच्या पत्रात मुदत होती, पण अपिलीय अधिकारी कोण ते नव्हतं. तोही एक मुद्दा झाला. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांचं ऐकून वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावत बसू नका. तो तिकडचा नियम, कर्नाटकात अपिलाला फी नाही.

अपील दीड पानाचं झालं: चार मुद्दे, प्रत्येकापुढे काय मागितलं, काय उत्तर आलं, काय हवं. सोबत अर्ज, उत्तर आणि पाकिटाची झेरॉक्स. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवायची. निकाल तीस दिवसांत लागायचा असतो, कारण नोंदवून फार तर पंचेचाळीस. न लागला किंवा विरोधात गेला तर नव्वद दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरं अपील. निकालच नसेल तर हे नव्वद दिवस तो ज्या तारखेला लागायला हवा होता तिथून धरायचे. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे. दंड लावायचा अधिकारही आयोगालाच आहे, रोज अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार. पहिल्या अपिलातच ‘दंड करा’ म्हणून लिहिणाऱ्यांनी तेवढी शाई वाचवावी.