विज्ञान प्रदर्शनाबाबत शाळेचा खुलासा

“आठवीच्या पोरींनी बिनविजेचा बर्फ करणारा फ्रीज बनवलाय, बघायला वीस रुपये तिकीट हाय.”

असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. प्रवेश मोफत आहे. आठवी ‘ब’च्या मुलींनी केलंय ते भाजी ताजी ठेवणारं मडकं. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं गोणपाट. वाळूतलं पाणी बाहेरच्या मडक्यातून झिरपून वाळतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कोथिंबीर छान टिकते. पावसाळी दमट हवेत फरक जेमतेम. बर्फ तर कधीच होणार नाही. श्रेय सगळं मुलींचं, वाळूसुद्धा त्यांनीच चाळली.

पालकांनी शनिवारी सकाळी १० ते १ या वेळेत यावं. पाल्याचं ओळखपत्र दाखवा, चपला व्हरांड्यात काढा. आणि गोणपाट सारखं उचलून बघू नका, गारवा जातो.