बेरीज नऊ हजार, बिल अकरा

आपल्या मराठी माणसाला क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं की तो आधी बेरीज करतो. बेरीज जुळली नाही तर पुन्हा करतो, मग बायकोला विचारतो, ‘तू काही घेतलंस का?’ इथपर्यंत इंदूरच्या रामबागेत आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत काही फरक नाही. माझं म्हणणं एवढंच की बायकोला विचारण्याआधी स्टेटमेंटच्या खालच्या ओळी वाचाव्यात. खरेदीच्या ओळी ठळक असतात आणि आपल्याला आठवतात. उरलेल्या ओळींची खरेदी आपण केलेलीच नसते, त्यामुळे त्या आठवायचा प्रश्न येत नाही.

समजा, रामबागेत एक अण्णा आहेत. त्यांच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५. अण्णांनी २० मे रोजी २०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १५ जूनच्या बिलात बरोबर २०,००० आले. ५ जुलैला अण्णांनी १८,००० भरले. दोन हजारांचं काय, पुढच्या महिन्यात देऊ! दरम्यान २५ जूनला राजवाड्याजवळून ६,००० ची महेश्वरी साडी आणि ५ जुलैला गाडीत १,००० चं पेट्रोल. म्हणजे १५ जुलैच्या बिलात २,००० जुने, ६,००० साडीचे, १,००० पेट्रोलचे, एकूण ९,००० हवेत. आले ११,०४४ रुपये ६५ पैसे.

आता वरचे २,०४४ कुठून आले ते बघू. सगळ्यात निरुपद्रवी ओळ पेट्रोलची. पंपावर कार्ड चालवलं की साधारण एक टक्का सरचार्ज लागतो, इथे १० रुपये. पंपाची पावती हजाराचीच असते, म्हणून अण्णा पंपवाल्याशी भांडायला निघतात. त्याचा काही दोष नसतो. बरीच कार्डं हे १० रुपये परत करतात, पण अटीसह: व्यवहार सहसा ४०० ते ५,००० रुपयांच्या मधला हवा, आणि महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली. स्कूटरमध्ये ३०० चं पेट्रोल भरलं तर ३ रुपये गेले ते गेलेच. परतावाही काही दिवसांनी येतो. बिलाच्या आदल्या दिवशी टाकी भरली तर सरचार्ज या महिन्यात आणि परतावा पुढच्या महिन्यात, असा देखावा दिसतो. एवढं होऊन अण्णांचे १० रुपये याच बिलात परत आले, तरी त्या १० वरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ रुपया ८० पैसे, सहसा परत येत नाही.

हा जीएसटी म्हणजे इंदुरातली शेव. मागितली नाही तरी प्रत्येक गोष्टीवर पडते. साडीवर बँक तो लावत नाही, तो दुकानदाराने किमतीतच धरलेला असतो. पण बँक स्वतः जे जे आकारते त्या सगळ्यावर १८ टक्के. कुठे आयजीएसटी १८ अशी एक ओळ, कुठे सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ अशा दोन. दोन ओळी दिसल्या म्हणून दोनदा लावला असं नाही. अण्णांच्या कार्डाची वार्षिक फी याच महिन्यात पडली, ५०० रुपये. त्यावर ९०. झाले ५९०. घरकर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती सूट नाही. इथेच अण्णांचा चष्मा नाकावरून घसरतो.

कारण उरलेली रक्कम व्याजाची आहे. अण्णांचा हिशोब साधा: दोन हजार राहिले, दहा दिवस झाले, व्याज किती होणार, वीस-पंचवीस रुपये? त्या दोन हजारांवर खरोखरच २३ रुपये १ पैसाच लागला. पण बिनव्याजी मुदत ही भेट नाही, सवलत आहे, आणि तिची अट म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम वेळेत भरणं. एक रुपया जरी ठेवला तरी अट मोडते. मग व्याज केवळ उरलेल्या रकमेवर न लागता फ्रिजच्या पूर्ण २०,००० वर, आणि तेही ५ जुलैपासून नाही, २० मे पासून लागतं.

हिशोब असा. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. रक्कम गुणिले दिवस गुणिले ०.४२, भागिले ३६५. वीस हजार, २० मे ते ५ जुलै ४६ दिवस: १,०५८ रुपये ६३ पैसे. त्यात दोन हजारांचे ते २३.०१. आणि आता साडीची पाळी. अट मोडलेली असल्याने नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. साडीचे २० दिवसांचे १३८.०८, पेट्रोलचे १० दिवसांचे ११.५१. एकूण व्याज १,२३१.२३, त्यावर शेव २२१.६२. दोन हजार मागे ठेवण्याची किंमत साडेचौदाशेच्या घरात.

गंमत म्हणजे ‘किमान देय रक्कम’ म्हणून बँक जी छापते, तिच्यापेक्षा अण्णांनी कितीतरी जास्त भरले होते. त्यामुळे लेट फी लागली नाही, आणि लेट फी नाही म्हणजे सगळं ठीक, असं त्यांना वाटलं. लेट फी ही उशिराची, व्याज हे अपुऱ्या भरण्याचं. किमान रक्कम भरली की पहिलीपासून सुटका होते, दुसऱ्यापासून नाही. आपल्या कार्डाचा दर किती, हे ‘महत्त्वाच्या अटी व शर्ती’ या कागदात छापलेलं असतं. अक्षर मुंगीचं, पण असतं.

मग शहाणे होऊन अण्णांनी ५ ऑगस्टला सगळे ११,०४४.६५ भरले आणि कार्ड कपाटात ठेवून दिलं. १५ ऑगस्टला बिल आलं, २५६ रुपये ६३ पैशांचं. एक दमडीची खरेदी नाही!

‘अहो, हे पुन्हा काय?’ अण्णा फोनवर.

‘अण्णा, १५ जुलैला बिल निघालं, पैसे तुम्ही ५ ऑगस्टला भरले. मधले २१ दिवस कुणाचे?’

नऊ हजारांवर २१ दिवसांचे २१७.४८, वर जीएसटी ३९.१५. मागच्या बिलातलं व्याज १५ जुलैपर्यंतचंच होतं. नशीब एवढंच की न भरलेल्या फी, शुल्क आणि करांची मुद्दलात भर घालून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, नाहीतर गुणाकार ११ हजारांचा झाला असता. हे २५६.६३ मुदतीत भरले की शेपूट संपतं, आणि पुढच्या खरेदीला बिनव्याजी दिवस पुन्हा लागू होतात.

‘मला नकोच ते कार्ड. आजच बंद करतो.’

‘करा, पण आधी हे २५६ भरा. बाकी शून्य असल्याशिवाय बंद होत नाही. नंतर मात्र अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत त्यांना बंद करावंच लागतं. नाही केलं तर दर दिवसाला पाचशे रुपये तुम्हाला द्यायचे, असा नियम आहे.’

अण्णा क्षणभर गप्प.

‘पाचशे अधिक जीएसटी ना?’