सहा लाखांचा नफा आणि गल्ल्यावरचा पोरगा

"वर्षाला सहा लाख नफा दाखवता आणि बँक-गल्ला मिळून साठ हजार? हॉटेल म्हणजे रोखीचा धंदा. नफा असेल तर पैसा असणारच. नसेल तर गल्ल्यावरचा पोरगा खातोय. सगळे हॉटेलवाले हेच सांगतात."

मालक, नमस्कार.

आधी त्या पोराचं. त्याने बिल न फाडता पैसे घेतले असते तर ती विक्री हिशेबात आलीच नसती आणि माल मात्र संपला असता, म्हणजे नफाच घटला असता. बिल फाडून घेतले असते तर रात्रीच्या मोजणीत तूट आली असती. तुमची मोजणी रोज जुळते. तेव्हा पुराव्याशिवाय त्याला कामावरून काढू नका.

आता 'रोखीचा धंदा'. टेबलावरची विक्री रोखीची, पण ऑफिसांचे डबे आणि लग्नाच्या ऑर्डरी उधारीवर. बिल केलं त्या दिवशी ती रक्कम नफ्यात आली, पैसे अजून यायचेत. मागच्या मार्चअखेर उधारी ४०,००० होती, या मार्चअखेर २,२०,००० आहे. म्हणजे १,८०,००० लोकांकडे अडकले.

दुसरी जागा कोठीची खोली. नवी मंगळवेढ्याची ज्वारी आणि शेंगदाणा तुम्ही मार्चमध्येच भरून ठेवला. दर चांगला मिळाला, निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण माल वापरेपर्यंत तो खर्चात धरत नाहीत. साठा १,२०,००० ने वाढला; तेवढे पैसे पोत्यांत आहेत.

उलट, यंत्रं-सामानाच्या झिजेपोटी नफ्यातून वजा केलेला दीड लाखाचा घसारा कुणालाही दिलेला नाही, तो परत मिळवायचा. ६,००,००० अधिक १,५०,०००, त्यातून १,८०,००० आणि १,२०,००० वजा: धंद्याने प्रत्यक्ष दिले ४,५०,०००.

यातून डीप फ्रीझर आणि भट्टीचे २,००,००० गेले. कर्जाचं मुद्दल २,४०,०००. हप्त्यातलं फक्त व्याज नफ्यातून वजा होतं, मुद्दल नाही. घरखर्चाला तुम्ही महिन्याला ३०,००० उचलले, त्याचे ३,६०,०००. हेही नफा-तोट्यात कुठेच दिसत नाही. एकूण गेले ८,००,०००, आले ४,५०,०००. वर्षाच्या सुरुवातीला ४,१०,००० शिल्लक होती, त्यातून साडेतीन लाख तूट गेली, उरले साठ हजार. पासबुक आणि गल्ला मिळून हाच आकडा येतो.

त्यातलेही १८,००० मार्चच्या विक्रीवर घेतलेल्या पाच टक्के जीएसटीचे. ते २० एप्रिलपर्यंत भरायचे आहेत, त्यांना हात लावू नका.

डब्यांची बिलं महिन्याऐवजी दर पंधरवड्याला पाठवा आणि लग्नाच्या ऑर्डरीला निम्मी रक्कम आगाऊ घ्या. फ्रीझरसारखी वस्तू पुन्हा घ्यायची झाली तर रोख देण्याआधी मला फोन करा. एप्रिलपासून दर महिन्याच्या ५ तारखेला उधारीची यादी आणि कोठीची मोजणी पाठवत चला. पैसा कुठून आला, कुठे गेला याचं असंच पत्रक मी महिन्याचं महिन्याला करून देतो.