मेंटेनन्स वाढवला नाही म्हणजे बजेट चांगलं?

सप्टेंबरअखेर एजीएम, म्हणजे आता सगळ्या सोसायट्यांत बजेटची धावपळ चालू असणार. माझं मत आधीच सांगून टाकतो, जी कमिटी "यंदाही मेंटेनन्स वाढवला नाही" असं छाती फुगवून सांगते तिचा रिपेअर फंड आधी तपासा.

कारण होतं काय, सिक्युरिटी वाढली, लाइटबिल वाढलं, पण सर्व्हिस चार्जेस वाढवायची हिंमत नाही, मग रिपेअर फंडाचे पैसे त्याच सेव्हिंग खात्यात पडलेले असतात तिथून वॉचमनचा पगार निघतो आणि कुणाला कळतही नाही.

कळायचं कसं? बॅलन्सशीट उघडायची. डावीकडे रिपेअर फंड समजा ६ लाख दिसतोय. आता उजवीकडे या फंडाची एफडी बघा, २ लाखच आहे. मग ४ लाख गेले कुठे? अडीच लाख थकबाकीत अडकलेत असं धरू, उरलेले दीड लाख रोजच्या खर्चात गेले. म्हणजे फंड कागदावर आहे, बँकेत नाही!

आता वर्गणी किती घ्यायची. आदर्श उपविधीप्रमाणे रिपेअर फंड वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के (जमिनीची किंमत यात धरत नाहीत, आजचा मार्केट रेट तर नाहीच) आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, तो वेगळा. सर्व्हिस चार्जेस सगळ्यांना सारखे, पण रिपेअर फंड सारखा नाही, आणि मीटिंगमध्ये भांडणं हमखास इथेच होतात.

समजा २४ फ्लॅट, निम्मे वन बीएचके बांधकाम खर्च ८ लाखाचे, निम्मे टू बीएचके १२ लाखाचे. वन बीएचकेला महिना ५००, टू बीएचकेला ७५०, सगळे मिळून वर्षाला १ लाख ८० हजार. ठीक वाटतं ना? पण बाहेरून प्लॅस्टर दुरुस्ती आणि रंगाचं कोटेशन आलं १२ लाख ६० हजार आणि हे काम दर ७ वर्षांनी करायचं म्हटलं, तर वर्षाला लागतात बरोबर १ लाख ८० हजार. सगळा फंड एकट्या रंगातच संपला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन यांना शून्य. आणि रंगाचा भाव सात वर्षं तिथेच थांबणार नाहीये.

म्हणून ०.७५ हा किमान आकडा आहे, तेवढाच घ्या असं कुठेही लिहिलेलं नाही, जनरल बॉडी ठराव करून जास्त घेऊ शकते. सभासदांसमोर नुसता टक्का ठेवला तर कुणी ऐकत नाही हो, पुढच्या दहा वर्षांतली मोठी कामं, अंदाजे खर्च आणि कुठल्या वर्षी, एवढं एका पानावर द्या. मग "कशाला वाढवता" म्हणणारे काका स्वतःच विचारतात, गच्ची आधी घ्यायची की टाकी.

आणि वसुली शंभर टक्के धरून बजेट करू नका प्लीज, मागच्या तीन वर्षांत खरंच किती जमा झालं ते बघून धरा.